दुकानदाराचे चार शब्द

भाषणांच्या पंगतीत काही भाषणे पाटावर बसतात आणि काही पडवीत. संमेलनाध्यक्षांचे भाषण पाटावर बसते. पुढाऱ्यांचे भाषण तर यजमानाच्या शेजारीच बसते. सत्कारमूर्तीचे भाषण, निरोपसमारंभातले भाषण, फार काय पण लग्नाच्या मांडवातले आभाराचे दोन शब्दसुद्धा पंगतीत कुठे ना कुठे सामावून घेतले जातात. पण दिवाळीच्या सेलच्या पहिल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर उभा राहून दुकानदार जे चार शब्द बोलतो, त्यांना पडवीतही कुणी पान वाढत नाही. ध्वनिक्षेपक खरखरतो, फीत कापली जाते, हातावर पेढा पडतो, आणि वक्त्याचे शेवटचे वाक्य पुरे व्हायच्या आत गर्दी त्याला बाजूला सारून आत शिरते.

आणि तरीसुद्धा माझे असे मत झाले आहे की, सगळ्या भाषणांत हे एकच भाषण असे आहे की ज्याची परीक्षा पाच मिनिटांत होते. पुढाऱ्याचे वचन तपासायला पाच वर्षे थांबावे लागते. अध्यक्षांचे विचार तपासायला पुढचे अध्यक्ष यावे लागतात. दुकानदाराचे वाक्य मात्र श्रोता कानात धरूनच पायरी चढतो आणि गल्ल्यापाशी जाऊन ते वटवू पाहतो. ते तिथे वटले तर ठीक, नाहीतर ती हुंडी परत आलीच म्हणून समजा. हे ज्ञान मला कुठल्या ग्रंथातून झाले नाही. शिरवळच्या एका कापडदुकानदारासाठी असे एक भाषण मला लिहावे लागले, त्यातून ते झाले.

शिरवळ ज्यांनी पाहिले नसेल त्यांना सांगतो. पुण्याहून साताऱ्याकडे निघाले आणि नीरा नदी ओलांडली की पुणे जिल्हा संपतो नि सातारा जिल्हा सुरू होतो. त्या उंबरठ्यावर हे गाव आहे. गावाला इतिहास आहे. नीरेकाठी सुभानमंगळ या भुईकोटाची जागा आहे, जवळ डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पण आजच्या शिरवळचा दिवस उगवतो तो कारखान्यांच्या भोंग्यावर. महामार्ग गावाच्या अंगाने जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना औद्योगिक वसाहत पसरली आहे, आणि तिच्यामागे मराठवाड्यापासून थेट उत्तरेपर्यंतची माणसे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहायला आली आहेत. पुणे ५० किलोमीटरवर. त्यामुळे इथल्या दुकानदाराची स्पर्धा समोरच्या दुकानदाराशी नसते; ती पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याशी असते, आणि आता तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनशी.

मी या गावातला निवृत्त शिक्षक. निवृत्त शिक्षकाकडे लोक अर्ज, मानपत्रे, मंगलाष्टके आणि शोकसभेचे ठराव लिहून घ्यायला येतात. अण्णा मात्र आले ते सेलचे भाषण घेऊन. म्हणजे भाषण नव्हतेच. सोबत त्यांचा मुलगा होता आणि मुलाच्या हातात कागद होता. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते: ‘भव्य दिवाळी धमाका. ५० टक्क्यांपर्यंत सूट. २० अधिक १० टक्के. दोनवर एक मोफत. लकी ड्रॉमध्ये दुचाकी. फक्त पाच दिवस.’

“मास्तर, एवढं सगळं बसवून फक्कड चार शब्द लिहून द्या,” अण्णा म्हणाले. “मला काही बोलता येत नाही. कापड फाडता येतं तेवढं.”

मी म्हटले, “अण्णा, लिहून देतो. पण यातलं एकेक वाक्य मला आधी समजावून सांगा. जे मला समजत नाही ते मी शाळेतही कधी शिकवलं नाही.”

मग आम्ही तिघे माझ्या ओटीवर बसलो आणि त्या कागदातले एकेक वाक्य सोलू लागलो.

पहिला शब्द निघाला ‘पर्यंत’. शब्दयोगी अव्यय. चाळीस वर्षे मी तो मुलांना शिकवला. पण त्याच्या अंगी एवढे बळ असेल असे कधी वाटले नव्हते. “दुकानात साड्या किती?” मी विचारले. “सहाशेच्या आसपास.” “आणि निम्म्या किमतीत किती देणार?” अण्णांनी मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “सर, मागच्या दोन वर्षांतल्या ४० राहिल्यात, त्या.” म्हणजे सहाशे साड्यांच्या दुकानाला ४० साड्यांचे नाव द्यायचे आणि उरलेल्या ५६० त्या ‘पर्यंत’च्या मागे लपवायच्या! कागदावर हा शब्द बारीक अक्षरांत छापता येतो. पण भाषणात बारीक अक्षर नसते. ध्वनिक्षेपकावर ‘५० टक्के’ जेवढे मोठे ऐकू जाते तेवढाच ‘पर्यंत’ही मोठा ऐकू जायला हवा, आणि गर्दीत उभ्या असलेल्या बाईला तो ऐकू जात नाही. तिला फक्त निम्मी किंमत ऐकू येते. ती आत जाते, तिला आवडलेली साडी त्या चाळिसांतली नसते, आणि हातातली साडी खाली ठेवून ती मुकाट्याने बाहेर पडते. भांडणारे गिऱ्हाईक परवडते. मुकाट्याने गेलेले परत येत नाही.

दुसरे वाक्य ‘२० अधिक १०’. हे ऐकून कुणीही ३० म्हणेल. पण हजाराच्या साडीवर आधी २० टक्के सूट दिली की ८०० होतात, आणि पुढचे १० टक्के हजारावर नव्हे तर त्या ८०० वर धरतात. ते ८० रुपये झाले. गिऱ्हाईक भरणार ७२०. म्हणजे सूट झाली २८. दोन रुपये शेकडा कुठे गेले? ते ‘अधिक’ या शब्दात गेले. मुलगा हसला आणि म्हणाला, “सर, सगळेच असं लिहितात.” मी म्हटले, “लिहू देत. तुझ्या बापाला हे मोठ्यानं म्हणायचं आहे. खाली उभ्या असलेल्या एखाद्या पोरानं तिथंच गणित केलं तर?”

तिसरे, ‘दोनवर एक मोफत’. तिन्ही सदरे ६०० चे असले तर हिशेब सरळ आहे: १८०० चा माल १२०० ला, म्हणजे सूट एक तृतीयांश. पण गिऱ्हाईक काही सारख्या किमतीचे तीन सदरे घेत नाही. बापाला ९०० चा, थोरल्याला ७०० चा, धाकट्याला ५०० चा असे घेते. मोफत कोणता? तर सर्वांत स्वस्त, ५०० चा. एकूण २१००, भरायचे १६००. सूट २४ टक्क्यांनाही किंचित कमी. आणि ज्या एकट्या पोराला स्वतःसाठी एकच सदरा हवा आहे त्याला सूट शून्य. शिरवळमध्ये एकट्याने खोली घेऊन राहणारी अशी पोरे पुष्कळ आहेत. सण त्यांनाही असतो.

चौथी, लकी ड्रॉमधली दुचाकी. मुलाचा सगळा जीव तिच्यात होता. तिथे मला गणित सोडून कायदा काढावा लागला. विक्री वाढावी म्हणून सोडत किंवा नशिबाचा खेळ लावणे हे आपल्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथांच्या यादीत घातले आहे. १९८६ च्या कायद्यानंतर २०१९ चा नवा कायदा आला, त्यातही ते आहे. सरकारने नियमाने मोकळीक दिली असेल तेवढाच अपवाद. शिवाय सोडत लावून तिचा निकाल ठरल्या मुदतीत जाहीर केला नाही तर तो वेगळा दोष. “पण अण्णा, कायदा बाजूला ठेवा,” मी म्हणालो, “दुचाकी एकाला लागणार आणि तिचे पैसे सगळ्यांच्या कपड्यांतून निघणार. ज्यांना लागणार नाही, त्यांना घरी जाताना काय वाटेल?” अण्णा म्हणाले, “त्यांना वाटेल, अण्णानं कुण्या पाहुण्याला दिली!” आणि दुचाकी कागदावरून उतरली.

आता राहिले होते ते सर्वांत अवघड. सूट द्यायची तर किती? दुकानदारांची एक जुनी युक्ती पुष्कळांना ठाऊक असेल. दहा वेगवेगळ्या अक्षरांचे एखादे वाक्य किंवा शब्द धरायचा, प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा, आणि किमतीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात त्या अक्षरांत खरेदीचा भाव लिहून ठेवायचा. गिऱ्हाइकाला तो वाचता येत नाही. दुकानातल्या माणसाला मात्र घासाघिशीत किती खाली उतरायचे ते कळते. अण्णांनी त्या संध्याकाळी एका साडीची चिठ्ठी मला वाचून दाखवली. विक्रीची किंमत १०००. अक्षरांतली खरेदी ७००.

म्हणजे साडीमागे सुटतात ३०० रुपये, आणि त्यातूनच भाडे, वीज, नोकरांचा पगार. आता १० टक्के सूट दिली तर ९०० येतात, सुटतात २००. पूर्वीइतकेच मिळवायचे तर दोनच्या जागी तीन साड्या खपल्या पाहिजेत. २० टक्के दिली तर ८०० येतात, सुटतात १००. आता एकीच्या जागी तीन खपल्या पाहिजेत. आणि ३० टक्के दिली तर काहीच सुटत नाही; मग कितीही खपल्या तरी हात कोरडेच. गिऱ्हाइकाला १० आणि २० यांतला फरक दुप्पट वाटतो. दुकानदाराला तो दुकान चालण्याचा आणि न चालण्याचा वाटतो. दिवाळीत रोज दहा साड्या विकणाऱ्या अण्णांनी तीस विकायच्या म्हटले तर माणसे कुठून आणायची, आणि त्या ठेवायच्या कुठे?

म्हणूनच मोठ्या सुटीच्या पाट्या पाहिल्या की मला त्या चिठ्ठीखालची चिठ्ठी आठवते. हजाराची साडी आधी १२५० ची करायची आणि तिच्यावर २० टक्के सूट द्यायची. होतात पुन्हा हजारच. ही किमया ओळखायची कशी? एक म्हणजे नखाने चिठ्ठीचा कोपरा उचलून पाहावा; खाली दुसरी चिठ्ठी चिकटलेली असेल तर समजावे. दुसरे म्हणजे ज्याचा भाव आपल्याला पाठ आहे अशी वस्तू आधी विचारावी, पंचा, टॉवेल, शाळेचा गणवेश असली. तिचाही भाव चढलेला असेल तर बाकीची सूट कुठून आली ते कळते.

मी हे बोलत असताना मुलगा चुळबूळ करू लागला. अण्णांच्या ते लक्षात आले. “किती गठ्ठ्यांना लावल्यास?” त्यांनी विचारले. “दोन,” मुलगा म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त मला म्हणाले, “मास्तर, भाषणात एक वाक्य घाला: ‘किंमत कालचीच आहे.’ आम्ही आज रात्री चिठ्ठ्या काढतो.” आणि त्या रात्री बापलेकांनी खरोखरच दोन गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्या कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवल्या. भाषण दुकानाप्रमाणे लिहायचे असते असे मी समजत होतो; इथे दुकानच भाषणाप्रमाणे लावले जात होते.

त्या जुन्या ४० साड्यांचे काय? त्या ७०० ला घेतलेल्या ५०० ला द्यायच्या, म्हणजे प्रत्येकीमागे २०० चा तोटा, एकूण ८००० चा. मुलाला तो डोंगराएवढा वाटत होता. अण्णांनी त्याला समजावले ते मी जसेच्या तसे सांगतो: “अरे, ते ८००० दोन वर्षांपूर्वीच गेले. आता फक्त ते वहीत लिहायचे राहिलेत. या ४० साड्या कपाटात राहिल्या तर पुढच्या साली चारशेलाही कुणी घेणार नाही. आज त्यांचे २०००० आले, तर त्यात नव्या २८ साड्या येतील, आणि त्या विकल्या जातील.” व्यापाराचे शास्त्र मी शिकलेलो नाही, पण ते इतक्या थोड्या शब्दांत कुठल्या पुस्तकात असेल असे वाटत नाही.

सेल किती दिवस चालवायचा यावरही खल झाला. मुलाचे म्हणणे होते दसरा होताच पाच दिवस. गर्दी एकदम लोटते. पण शिरवळचा पैसा कोजागिरीला येत नाही. तो बोनसाने येतो. कायद्याने बोनस कमीत कमी ८.३३ टक्के ठरवला. म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार, तोही कायद्याने धरलेल्या मर्यादेपुरता. हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा असतो. वर्ष मार्चअखेर संपते, म्हणून नोव्हेंबर संपेपर्यंत मुदत असते. पण दिवाळी त्याच्या आधी येते, म्हणून बहुतेक कारखाने तो वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात वाटतात. कायदा आता नव्या वेतनसंहितेत सामावला, पण रिवाज तोच आहे. दसऱ्यानंतर पाच दिवसांत संपणारा सेल हा रिकाम्या खिशाच्या माणसाला खिडकीतून जेवण दाखवण्यासारखा झाला असता. म्हणून ठरले, दसऱ्यानंतरच्या रविवारपासून भाऊबिजेपर्यंत. आणि वेळ संध्याकाळी पाचची. पहिली पाळी सुटून माणूस घरी जाऊन हातपाय धुऊन आलेला असतो.

मग मी भाषण लिहिले. लांबी तीन मिनिटांची. माणूस सावकाश बोलला तर मिनिटाला शंभराच्या आसपास शब्द होतात, म्हणून तीनशेच्या आत. पाहुण्यांची नावे काढून टाकली. सत्कार, शाल, श्रीफळ हे सगळे फीत कापण्याआधी आत उरकायचे ठरवले, कारण रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाचे पाय दुखत असतात आणि ते दुखणे तो वक्त्याच्या नावावर लिहितो. ज्या वाक्याला गल्ल्यावरचा पोरगा संध्याकाळी सात वाजताच्या गर्दीत खरे करून दाखवू शकणार नाही ते वाक्य ठेवायचे नाही, एवढा एकच नियम केला. ते भाषण असे होते:

“मंडळी, राम राम. पाळीवरून आलेल्या भावांनो, पोरंबाळं कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आयाबहिणींनो, तुम्ही उभे आहात म्हणून मी थोडंच बोलतो.

हे दुकान माझ्या आजोबांनी काढलं. तुमच्यातल्या कित्येकांच्या घरच्या लग्नाचा बस्ता याच ओट्यावर बांधला गेला. जे नवीन आहेत, लांबून कामाला आले आहेत, त्यांनाही हा ओटा आपलाच आहे.

आजपासून भाऊबिजेच्या रात्री ९ वाजेपर्यंत सेल आहे. आज पैसे नसतील तर आज नुसतं बघून जा. बोनस झाल्यावर या. सूट तेव्हाही हीच असेल.

नव्या साड्या आणि तयार कपडे यांवर शेकडा १० सूट. एक घ्या की दहा घ्या, सूट तीच. चिठ्ठीवर १००० असतील तर ९०० द्यायचे. किंमत कालचीच आहे, चिठ्ठी बदललेली नाही. कर त्यातच आला. वर एक रुपया नाही.

दाराच्या उजव्या हाताला लाल फडकं बांधलेली मांडणी आहे. तिथं मागच्या दोन वर्षांतल्या ४० साड्या आहेत. त्या निम्म्या किमतीत. चाळीसच आहेत; संपल्या की संपल्या, आणि त्यांवर आणखी सूट नाही. ज्या साडीला डाग किंवा दोष आहे तिच्यावर तसा कागद लावला आहे. तो वाचून घ्या.

टॉवेल, पंचे आणि शाळेचे गणवेश यांवर सूट नाही. त्यात मला उरत नाही, ते आधीच सांगतो.

प्रत्येकाला बिल मिळेल. ते जपून ठेवा. माप चुकलं, रंग आवडला नाही, तर न वापरलेला कपडा भाऊबिजेनंतर आठ दिवसांपर्यंत बदलून देऊ. आम्ही न सांगितलेला दोष निघाला तर महिनाभरात पैसे परत.

सोडत नाही, कुपन नाही. प्रत्येक बिलामागे उटण्याची एक पुडी आहे. ती सगळ्यांना सारखी.

आत जागा थोडी आहे. बायामाणसं आणि म्हातारी माणसं आधी. दोन्ही दारं उघडी आहेत. घाई करू नका, माल पळून जात नाही. या. दिवाळी सुखाची होवो.”

दोन वाक्यांविषयी सांगायला हवे. ‘पैसे परत’ हे अण्णांना पहिल्यांदा जड गेले. आजोबांच्या वेळेपासून भिंतीवर पाटी होती: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ पण सदोष माल परत घेऊन पैसे देणे आता कायद्यानेच बांधलेले आहे. बिलावर मुदत लिहिली नसेल तर ती ३० दिवस धरतात. सेलचा माल म्हणून सुटका नाही. दोष आधी दाखवून विकला तर गोष्ट वेगळी, म्हणून ते कागद. अण्णांनी पाटी उतरवली तेव्हा तिच्यामागची भिंत कोरी करकरीत निघाली. बाकीची भिंत केव्हाच धुरकटली होती.

दुसरे वाक्य ‘कर त्यातच आला’. ठळक अक्षरांत सूट जाहीर करायची आणि गल्ल्यावर सुटीनंतरच्या किमतीवर पुन्हा कर लावायचा, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी चाले. छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात, म्हणून सूट दिल्यावर वेगळा कर मागणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ साली ठरवले. अण्णांना हा निकाल ठाऊक नव्हता. पण त्यांना वाक्य पटले. “९०० म्हटल्यावर ९००च,” ते म्हणाले.

रविवारी पाच वाजता अण्णा पायरीवर उभे राहिले. कागद हातात होता, हात थरथरत होता, पण आवाज बरा होता. ‘टॉवेलवर सूट नाही’ या वाक्याला लोक हसले. मला धास्ती वाटत होती ती नेमकी त्याच वाक्याची. पण त्या हशानंतर ध्वनिक्षेपकाच्या खरखरीतूनही लोक लक्ष देऊन ऐकू लागले. जो माणूस काय मिळणार नाही ते सांगतो, तो काय मिळणार म्हणतो तेही ऐकावेसे वाटत असावे. तीन मिनिटे संपली. दारे उघडली. लाल फडक्याच्या मांडणीवरच्या साड्या तासाभरात निम्म्या झाल्या.

सातच्या सुमारास गल्ल्यापाशी गलका झाला. एक बाई उभी होती. वसाहतीतल्या कुठल्याशा कारखान्यात कामाला जाणारी असावी, गळ्यात ओळखपत्राची निळी फीत अजून तशीच होती. हातात हजाराची मोरपंखी साडी. पोराने यंत्रावर बिल काढले होते: ९००, वर शेकडा ५ प्रमाणे कर ४५, एकूण ९४५. यंत्राला भाषण कुणी ऐकवले नव्हते. जुन्या सवयीने ते सुटीच्या रकमेवर कर चढवत होते.

बाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, “मालक आत्ताच पायरीवर म्हणाले न्हवं का, कर त्यातच आला, वर एक रुपया नाही?” पोरगा म्हणाला, “बाई, यंत्रात तसंच येतंय.” बाई म्हणाल्या, “मग यंत्राला पायरीवर उभं करायचं हुतं.”

रांगेतली माणसे हसली. अण्णा आतून आले, त्यांनी बिल हातात घेतले आणि एक क्षण पाहत राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता. ४५ रुपयांची गोष्ट नव्हती. त्या दोन तासांत कितीतरी बिले निघून गेली होती, आणि प्रत्येकावर असाच कर चढला होता. त्यांनी मुलाला हाक मारली. मुलाने यंत्रातली खूण बदलली. आता ते ९०० च्या पोटातूनच कर काढून दाखवू लागले: माल ८५७ रुपये १४ पैसे, कर ४२ रुपये ८६ पैसे, एकूण ९००. मग अण्णा पुन्हा पायरीवर गेले, खरखरता ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि कागदाशिवाय बोलले: “पाचपासून सातपर्यंत ज्यांनी बिल केलं त्यांच्याकडून जास्त कर घेतला गेला आहे. बिल घेऊन या, पैसे घेऊन जा. भाऊबिजेपर्यंत केव्हाही.”

हे त्यांचे त्या दिवसाचे दुसरे भाषण. ते मी लिहिलेले नव्हते, आणि ते त्या पहिल्यापेक्षा चांगले होते.

रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाने हिशेब मांडला. त्या दोन तासांतली बिले ६२ होती. त्यांतली ३१ परत आली, बाकीची येत राहिली. काही आलीच नाहीत. ते पैसे अण्णांनी एका पाकिटात वेगळे घालून वर तारीख लिहिली आणि पाकीट गल्ल्यात ठेवले. भाषणाचा कागद त्यांनी गल्ल्याशेजारी भिंतीवर, ती जुनी पाटी उतरवल्यावर जी कोरी जागा राहिली होती तिथे चिकटवला. पुढचे पंधरा-सोळा दिवस गिऱ्हाईक त्या कागदावर बोट ठेवून बोलत असे, आणि पोरगा मान वर करून वाचून उत्तर देत असे. भाऊबिजेच्या रात्री नऊ वाजता मुलगा तो काढायला गेला तेव्हा अण्णा म्हणाले, “राहू दे. आठ दिवस बदलून द्यायचं आहे अजून.”